फाइल जड नसते, पान जड असतं

कुंभकोणमला पोस्टिंग आल्यापासून जुने साथीदार फोनवर दोनच गोष्टी विचारतात. पहिली, तिथली डिग्री कॉफी खरंच तशी असते का? असते. दुसरी, "तिकडे मराठी वाचायला काय मिळतं रे?" दुकानात काहीही मिळत नाही. गंमत अशी की इथून चाळीसेक किलोमीटरवर तंजावर आहे. तिथे भोसल्यांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षं राज्य केलं आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर त्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला आहे. सरस्वती महालात मोडी कागदांचे ढीग आहेत. पण रात्री जेवण झाल्यावर खाटेवर पडून वाचायला मराठी पुस्तक हवं असेल, तर ते आपल्याबरोबरच यावं लागतं.

आपल्यासारख्या लोकांचं पुस्तकांचं गणित वजनाचं असतं. दर दोन-तीन वर्षांनी ट्रंक भरायची, आणि त्यात पुस्तकं सगळ्यात शेवटी जातात. म्हणून बरेच जण ई-रीडर घेतात. तो सहसा जुना, सहा इंची, स्वस्तातला असतो. मग त्यात स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ आणि लहानपणीची कॉमिक्स भरली जातात, आणि आठवड्यात तक्रार सुरू होते. पान उलटायला दहा सेकंद लागतात, मशीन मध्येच अडकतं, स्वतःच बंद होऊन परत सुरू होतं. यावर सल्ला मिळतो तो ठरलेला: "मेमरी कमी आहे, बत्तीस जीबीचा घे."

माझं मत असं की हा सल्ला दहापैकी नऊ वेळा चुकीच्या दुखण्यावरचं औषध असतो. या लेखात ते नीट मांडतो, कारण निवृत्त मंडळींपैकी अनेकांनी याच कारणाने चांगले चालणारे ई-रीडर कपाटात टाकून दिले आहेत.

गोदाम आणि टेबल

ई-रीडरमध्ये दोन वेगवेगळ्या जागा असतात आणि दोन्हींना आपण मेमरीच म्हणतो. एक म्हणजे गोदाम, जिथे फाइली पडून राहतात. माझ्या मशीनमध्ये ते चार जीबीचं आहे आणि मशीनचं स्वतःचं सामान वजा जाता तीनच्या आसपास उरतं. दुसरी जागा म्हणजे काम करायचं टेबल, म्हणजे रॅम. माझ्याकडे ती अर्धा जीबी आहे, आणि त्यातलाही बराच भाग मशीन स्वतःसाठी वापरतं. पुस्तक गोदामात राहतं, पण जे पान आपण वाचतो ते टेबलावर पूर्ण उलगडावं लागतं.

खरी मेख या उलगडण्यात आहे. फाइलचा आकार म्हणून जो आकडा दिसतो तो घडी घातलेल्या पानाचा असतो. उलगडल्यावर पान किती जागा खाईल हे एमबीवर ठरत नाही, पिक्सेलवर ठरतं. हिशेब सोपा आहे. डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंच असतं. ते ६०० डीपीआयने स्कॅन केलं, तर एक पान ३३०० × ५१०० पिक्सेलचं, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख पिक्सेलचं होतं. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात, म्हणजे ते पान टेबलावर ५० एमबी जागा घेतं. गोदामात त्याची घडी अर्ध्या एमबीची असली तरी टेबलावर ५० एमबीच. वर मशीन पुढचं पानही आधीच उलगडून ठेवायचा प्रयत्न करतं, म्हणजे शंभर झाले.

आता पडद्याकडे बघा. सहा इंची चांगल्या पडद्यावर १०७२ × १४४८ पिक्सेल असतात, म्हणजे साडेपंधरा लाख. तेही काळ्या-पांढऱ्याच्या सोळा छटांमध्ये. म्हणजे मशीन १ कोटी ६८ लाख रंगीत पिक्सेल उलगडतं, त्यातले नव्वद टक्के फेकून देतं, उरलेल्यांचा रंग काढून टाकतं आणि मग आपल्याला पान दाखवतं. हे प्रत्येक पानाला होतं. या मशीनला बत्तीस जीबीचं गोदाम बांधून दिलं तरी टेबल तेवढंच राहणार, आणि पान तेवढ्याच संथपणे उलटणार.

म्हणून पान उलगडून, कापून, रंग काढून तयार करण्याचं काम लॅपटॉपवर एकदाच करून घ्यायचं आणि मशीनला फक्त दाखवायचं काम ठेवायचं.

एक पुस्तक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

तंजावरच्या भोसल्यांवरचं एक जुनं पुस्तक उदाहरणाला घेतो. लेखकाला जाऊन इतका काळ लोटला आहे की त्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही. ते इंटरनेट आर्काइव्हवरून घेतलं. पानं ३८०, फाइल फक्त २४ एमबी. बघणाऱ्याला वाटेल की हे तर पिसासारखं हलकं आहे. प्रत्यक्षात ते माझ्याकडच्या सगळ्यात जड फाइलींपैकी एक निघालं. कारण शोधायला लॅपटॉपवर ही आज्ञा दिली:

```
pdfinfo kitab.pdf
pdfimages -list -f 50 -l 54 kitab.pdf
```

दोन्ही आज्ञा पॉपलर नावाच्या मोफत संचात येतात. पहिली आज्ञा पानाचा आकार सांगते. तो ३९६ × ६१२ पॉइंट दिसला, तर ७२ ने भागून साडेपाच बाय साडेआठ इंच मिळतात, म्हणजे आकार बरोबर आहे. दुसरी आज्ञा पानात कोणती चित्रं आहेत ते दाखवते. इथे एकेका पानासाठी दोन-तीन ओळी दिसल्या, आणि `enc` या रकान्यात `jpx` आणि `jbig2` ही नावं होती.

याचा अर्थ असा की पान एकाच चित्राचं नाही. कागदाचा पिवळट रंग एका थरात, अक्षरांचा आकार दुसऱ्या थरात, शाईचा रंग कधी तिसऱ्या थरात. प्रत्येक थराची घडी वेगळ्या पद्धतीने आणि फार घट्ट घातलेली आहे. फाइल २४ एमबीत बसली ती त्यामुळेच. पण घडी जितकी घट्ट, तितके ती उलगडायचे कष्ट जास्त, आणि ई-रीडरचा प्रोसेसर बिचारा साधा. लहान फाइल हळू आणि मोठी फाइल भराभर असं उलटं चित्र दिसतं ते यामुळे. इंटरनेटवरच्या "पीडीएफ लहान करा" वाल्या साइटांवर माझा विश्वास नाही त्याचंही हे एक कारण. त्या एमबी कमी करतात, पिक्सेल कमी करतीलच असं नाही. दुसरं कारण म्हणजे आपली फाइल अनोळखी माणसाच्या मशीनवर चढवावी लागते, आणि ही सवय आपल्या पेशातल्या माणसाला शोभत नाही.

`jpx` आणि `jbig2` दिसले, तर पानातली चित्रं वेगळी काढण्याच्या भानगडीत पडू नये. कागदाचा थर एका फाइलीत आणि अक्षरं दुसऱ्या फाइलीत, असे तुकडे हाती येतात. पूर्ण पान एकत्र छापल्यासारखं काढून घ्यायचं. पण आधी ठरवायचं की ते कसं वाचणार.

डेमी पुस्तकात समास सोडून छापील मजकूर साधारण चार बाय सात इंच असतो. सहा इंची पडदा प्रत्यक्षात साडेतीन इंचांहून थोडा जास्त रुंद आणि पावणेपाच इंचांहून थोडा जास्त उंच. पूर्ण पान समासासकट बसवलं, तर अक्षर मूळच्या साठ टक्क्यांच्या आत जातं. समास कापून बसवलं तर सत्तरच्या जवळ येतं. चाळिशी उलटलेल्याला दोन्ही नकोत. पण मजकुराची रुंदी पडद्याच्या रुंदीला लावली आणि पान वर-खाली असं दोन टप्प्यांत वाचलं, तर अक्षर नव्वद टक्क्यांच्या आसपास राहतं आणि चष्मा सांभाळत वाचता येतं. तेव्हा रुंदी १०७२ पिक्सेल ठरली. चार इंचांत १०७२, म्हणजे इंचाला २६८. उंची सात इंच, म्हणजे १८७६. डावा समास पाऊण इंच, म्हणजे सुमारे २०० पिक्सेल. वरचा समास सत्तर शतांश इंच, म्हणजे १९०. आज्ञा अशी झाली:

```
pdftoppm -r 268 -gray -jpeg -jpegopt quality=70 \
  -x 200 -y 190 -W 1072 -H 1876 kitab.pdf pan
```

सगळं पुस्तक लगेच काढायचं नाही. आधी `-f 50 -l 54` जोडून पाच पानं काढायची आणि ती डोळ्यांनी बघायची. तीन गोष्टी बिघडलेल्या असू शकतात. पहिली, ओळीचं शेवटचं अक्षर कापलं गेलेलं असतं, कारण बांधणीमुळे डाव्या आणि उजव्या पानांचे समास सारखे नसतात. तेव्हा विषम पानांसाठी `-o` आणि सम पानांसाठी `-e` लावून आज्ञा दोनदा द्यायची आणि `-x` चा आकडा बदलायचा. दुसरी, पानाच्या जागी एखाद्या कोपऱ्याचं भलं मोठं चित्र येतं. याचा अर्थ स्कॅन करणाऱ्याने पानाचा आकार चुकीचा नोंदवला आहे आणि `pdfinfo` मध्ये तेवीस इंच रुंद पान दिसत असणार. अशा वेळी इंचांचा हिशेब सोडून `-r` च्या जागी `-scale-to-x` आणि `-scale-to-y` ने थेट पिक्सेल सांगायचे. तिसरी, अनुस्वार आणि रफार पुसट दिसतात. मग दर्जा ७० वरून ८० करायचा. मराठी वाचकाला ही तपासणी टाळता येत नाही, कारण इंग्रजीत एखादा ठिपका पुसला तर भागतं, आपल्याकडे शब्दच बदलतो.

पाच पानं बरी दिसली की सगळं काढून एका फाइलीत बांधायचं:

```
img2pdf pan-*.jpg -o kitab-chhota.pdf
```

ही आज्ञा चित्रांना हात न लावता जशीच्या तशी बांधते. नवी फाइल झाली सुमारे ९५ एमबीची, म्हणजे मूळच्या जवळपास चौपट. पण प्रत्येक पान टेबलावर उलगडलं तर फक्त २ एमबी जागा घेतं, आणि उलगडायची पद्धतही साधी. पानं आता लगेच उलटतात. फाइल मोठी झाली आणि पुस्तक हलकं झालं. गोदामाची थोडी जागा देऊन आपण टेबल मोकळं करून घेतलं, आणि माझ्या मते हा सौदा दर वेळी फायद्याचा आहे.

तुमचं मशीन उभ्या पडद्यावर रुंदीला लावून दाखवत नसेल, तर आडवं करून वाचा आणि १०७२ च्या जागी १४४८ धरून हाच हिशेब परत करा. केओरीडर नावाचा मोफत प्रोग्राम जिथे चालतो, तिथे उभ्यानेच सोय होते.

"मग ईपबच का करत नाहीस?"

हा प्रश्न नेहमी येतो. ज्या पीडीएफमध्ये खरा मजकूर आहे तिचं ईपब करणं सगळ्यात चांगलं, यात वाद नाही. काही शे केबीत पुस्तक बसतं आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. पण मराठीत एक अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी, आणि छापखान्यांत त्यानंतरही बरीच वर्षं, पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवली जात. तिथे 'क' हे अक्षर आतून इंग्रजीतलंच कुठलंतरी चिन्ह असतं, फक्त त्याला 'क' चा मुखवटा चढवलेला असतो. पीडीएफमध्ये मुखवटा बरोबर असतो म्हणून वाचता येतं. ईपब करायला गेलं की मुखवटा गळून पडतो आणि पानभर निरर्थक चिन्हं उरतात.

ओळखायची खूण अगदी सोपी. लॅपटॉपवर पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर कॅलिबरने ईपब करा. कचरा उमटला तर ती फाइल चित्रच समजा आणि वर सांगितलेल्या वाटेने न्या. काहीच निवडता आलं नाही तर ते स्कॅन आहे, तेव्हाही तीच वाट. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी केल्याशिवाय एकही फाइल मी मशीनवर चढवत नाही.

कॉमिक्सचं प्रकरण

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. मधल्या काळात मराठी घरांतल्या दोन पिढ्या वेताळावर वाढल्या. 'किशोर' १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघतो, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने स्वतःच मोफत उपलब्ध करून दिले आहेत. माझे कॉमिक्सचे अंक गावी ट्रंकेत आहेत, ते सुट्टीत स्वतः स्कॅन केले. दुसऱ्याने चोरून चढवलेली स्कॅन घेऊ नयेत, एवढं एकदा सांगून पुढे जातो.

कॉमिक्सची फाइल म्हणजे काही जादू नाही. `.cbz` म्हणजे चित्रांची झिप आणि `.cbr` म्हणजे चित्रांचं रार. कमी रॅमच्या मशीनवर हा फरक महत्त्वाचा ठरतो. झिपमध्ये प्रत्येक पान स्वतंत्र बांधलेलं असतं आणि शेवटी एक यादी असते, त्यामुळे विसावं पान हवं तर मशीन थेट तिथे जातं. रार अनेकदा सगळी पानं एकाच लांब गुंडाळीत बांधतं, आणि विसाव्या पानासाठी आधीची एकोणीस उलगडावी लागतात. सुरुवातीची पानं झरझर आणि नंतरची रडतखडत चालली, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. रार सोडवून झिप करायचं, दुसरा उपाय नाही.

आकाराचा हिशेब इथेही तोच. सात इंच रुंदीचं पान उभ्या पडद्यावर बसवलं, तर फुग्यातलं अक्षर निम्मं होतं आणि वाचता येत नाही. आडव्या पडद्यावर रुंदीला लावलं, तर सत्तर टक्क्यांच्या जवळ राहतं आणि चालतं. म्हणून रुंदी १४४८. ही आज्ञा मूळ चित्रांवरच लिहिते, तेव्हा आधी वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत काढून तिथेच चालवायची:

```
mogrify -resize 1448x -colorspace Gray -quality 75 *.jpg
zip -0 vetal-01.cbz *.jpg
```

`-0` म्हणजे फक्त बांध, आणखी दाबू नको. जेपेगची घडी आधीच घातलेली असते, ती परत दाबून हाती काही लागत नाही. पानांची नावं `001`, `002` अशी तीन आकडी ठेवा, नाहीतर पहिल्या पानानंतर दहावं पान येतं. एखादं मशीन `.cbz` उघडतच नसेल, तर झिपऐवजी वर दिलेलं `img2pdf` वापरा.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. रंग काढले की लाल आणि हिरवा यांची उजळता सारखी असेल, तर दोन्ही एकाच करड्या छटेचे होतात. अमर चित्र कथेसारख्या रंगांवर उभ्या असलेल्या पानांत माणूस कुठे संपतो आणि झाड कुठे सुरू होतं ते कळत नाही. त्यावर मशीनवर काहीही उपाय नाही. असे अंक फोनवर बघावेत.

पिट्ठू आणि ट्रंक

आता मतभेदाचा मुद्दा. "एवढी मेहनत करून हजार पुस्तकं तयार कोण करणार?" असं विचारतात. माझं उत्तर असं की हजार करूच नका. मोहिमेवर निघताना आपण पिट्ठूत तेवढंच भरतो जेवढं त्या मोहिमेला लागतं. बाकीचं ट्रंकेत, आणि ट्रंक मागे. ई-रीडर हा पिट्ठू आहे. ट्रंक म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क, जिथे मूळ फाइली हात न लावता ठेवायच्या, आणि तिची दुसरी प्रत घरी. मशीनवर एका वेळी पंचवीस-तीस पुस्तकं. तीन जीबीत ९५ एमबीची तीसेकच बसतात, आणि एका पोस्टिंगच्या वर्षभरात तेवढी वाचून झाली तर मला फोन करा.

कमी पुस्तकांना आणखी एक व्यवहारी कारण आहे. नवी फाइल चढवली की मशीन तिची आतून नोंद घेतं. एकदम तीनशे चढवल्या तर ते दिवसभर मागे तेच काम करत राहतं, गरम होतं आणि बॅटरी उतरते. त्यात एखादी फाइल मोडकी असेल तर तिथेच अडकून बसतं. न वापरताही बॅटरी एका रात्रीत निम्मी झाली, तर शेवटी चढवलेल्या फाइली काढा आणि पाच-पाच करून परत चढवा. ज्या पाचांत दुखणं परत येईल, त्यांतच मोडकी फाइल आहे.

सगळ्या पुस्तकांची यादी मात्र मशीनवर जरूर ठेवा, एका साध्या मजकुराच्या फाइलीत: नाव, लेखक, डिस्कवरचं फोल्डर. इथल्या उकाड्यात लाइट गेलेली असताना "ते पुस्तक आपल्याकडे आहे का" याचं उत्तर मिळायला पुस्तक जवळ लागत नाही, यादी लागते. आणि एक नियम असा की या मशीनवर युनिटचा एकही कागद नाही, प्रेसी नाही, नकाशा नाही. वाचनाचं मशीन फक्त वाचनाचं.

मोठा टॅब्लेट घेऊच नये असं मी म्हणत नाही. दोन रकान्यांचं ए-फोर पान, रंगीत नकाशांचे ग्रंथ, वर्तमानपत्राचे अंक यांचं सहा इंचांत काहीच भलं होत नाही, आणि तिथे वेळ घालवणं व्यर्थ आहे. पण डेमी आकाराचं मराठी पुस्तक आणि काळ्या रेघांचं कॉमिक, एवढंच वाचायचं असेल, तर कपाटातलं जुनं मशीन पुरेसं आहे. विकत घ्यायच्या आधी एक फाइल घ्या, `pdfimages -list` चालवा, पिक्सेल मोजा, आणि मग ठरवा.